लहान मुलांना उद्देशून केलेली जाहिरात

लहान मुलांना उद्देशून केलेली जाहिरात म्हणजे जिचा अपेक्षित प्रेक्षक, श्रोता किंवा वाचक मूल आहे अशी व्यावसायिक जाहिरात. मुलाने वस्तू स्वतः विकत घ्यावी किंवा तिच्यासाठी आईवडिलांकडे हट्ट धरावा, हा तिचा उद्देश असतो. प्रौढांसाठीच्या जाहिरातीचे नैतिक समर्थन बहुधा एका गृहीतकावर उभे असते. समोरचा आपल्याला काही विकण्यासाठी बोलत आहे हे ग्राहकाला ठाऊक असते आणि म्हणून तो त्याचे बोलणे त्या हिशेबानेच घेतो, असे हे गृहीतक आहे. अशा जाणिवेला ग्राहक-मानसशास्त्रात 'मनवळवणीचे ज्ञान' म्हणतात. मुलांच्या बाबतीत हे गृहीतक लागू पडते का, पडत नसेल तर कोणत्या वयापर्यंत, आणि त्यावर कायद्याने काय करावे, या प्रश्नांवर गेली सुमारे पन्नास वर्षे वाद चालू आहे. या वादाची सर्वांत बोधप्रद उदाहरणे म्हणजे अमेरिकेत १९७८ ते १९८१ या काळात झालेला आणि फसलेला बंदीचा प्रयत्न, आणि त्याच सुमारास कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात लागू झालेली व टिकलेली बंदी.

## मनवळवणीचे ज्ञान

ही संकल्पना मेरियन फ्रिस्टॅड आणि पीटर राइट यांनी १९९४ मध्ये 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च' या नियतकालिकातील लेखात मांडली. त्यांच्या मते, कोणी आपले मन वळवू पाहत असेल तेव्हा माणूस तीन प्रकारचे ज्ञान वापरतो. पहिले ज्ञान विषयाचे, म्हणजे वस्तू काय आहे याचे. दुसरे बोलणाऱ्याचे, म्हणजे तो कोण आहे आणि त्याचा स्वार्थ कशात आहे याचे. तिसरे मनवळवणीच्या युक्त्यांचे, म्हणजे लोक असे का बोलतात, त्यासाठी काय काय करतात आणि त्याला आपण कसे तोंड द्यावे याचे. हे तिसरे ज्ञान म्हणजे मनवळवणीचे ज्ञान. ते जन्मजात नसते. अनुभवातून, घरातल्या बोलण्यातून आणि फसगतीतून ते आयुष्यभर वाढत जाते.

या मांडणीतील महत्त्वाचा भाग म्हणजे 'अर्थबदल'. एखादी गोष्ट आपले मन वळवण्यासाठी मुद्दाम केली आहे हे एकदा कळले, की त्या गोष्टीचा अर्थच पालटतो. दुकानदार साडी दाखवताना "हा रंग तुम्हाला फारच शोभतो" असे म्हणतो. हे वाक्य ओळखीच्या ग्राहकाला कौतुक वाटत नाही, विक्रीचा भाग वाटतो. बिस्किटाच्या पुड्यावर हसणारे कार्टूनचे पात्र असेल तर प्रौढाला त्यात विक्रेता दिसतो. चार वर्षांच्या मुलाला मात्र तिथे ओळखीचा मित्र दिसतो. चित्र तेच राहते, परंतु अर्थबदल झालेला नसतो. मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातीवरचा मूळ नैतिक आक्षेप हाच आहे. ज्याला समोरची गोष्ट मनवळवणी आहे हे कळतच नाही, त्याचे मन वळवणे हा बरोबरीचा व्यवहार राहत नाही.

## वय आणि आकलन

जाहिरात समजणे ही एकच क्षमता नाही. संशोधक तिचे निदान दोन टप्पे मानतात. पहिल्या टप्प्यात मूल कार्यक्रम आणि जाहिरात वेगळी ओळखू लागते. साधारण पाचव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांना हे जमते. मात्र कारण विचारले तर 'ती छोटी असते', 'ती गमतीची असते' अशी उत्तरे येतात, म्हणजे ओळख केवळ बाह्य रूपाची असते. दुसऱ्या टप्प्यात मुलाला जाहिरातीमागचा हेतू कळतो.

हेतूचेही दोन थर आहेत. टॉमस रॉबर्टसन आणि जॉन रॉसिटर यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील प्राथमिक शाळेतल्या मुलग्यांना जाहिराती कशासाठी असतात हे विचारले. काही उत्तरांचा रोख 'कोणत्या वस्तू मिळतात ते सांगण्यासाठी' असा होता. यात जाहिरात मदत करते, माहिती देते, अशी समजूत दिसते. इतर उत्तरांचा रोख 'आपण ती विकत घ्यावी म्हणून' असा होता. इथे मन वळवण्याचा हेतू ओळखलेला दिसतो. हा दुसरा हेतू पहिलीतल्या सुमारे निम्म्या, तिसरीतल्या दहापैकी जवळजवळ नऊ आणि पाचवीतल्या बहुतेक सर्व मुलांनी सांगितला. तो ओळखणारी मुले जाहिरातीवर कमी विश्वास ठेवत होती आणि जाहिरातीतल्या वस्तू कमी मागत होती. पुढील वादात वारंवार येणारी सात-आठ वर्षांची सीमारेषा अशाच अभ्यासांतून आली.

ही रेषा वाटते तितकी पक्की नाही, कारण उत्तर विचारण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. लहान मुलाला पुष्कळदा कळते पण सांगता येत नाही, असा आक्षेप घेऊन १९८० मध्ये काही संशोधकांनी शब्दांऐवजी चित्रे वापरली. त्यांनी सकाळच्या न्याहारीच्या गोड धान्यपदार्थाची जाहिरात दोन ते सहा वर्षांच्या मुलांना दाखवली आणि जाहिरात पाहणाऱ्याने आता काय करावे असे तिला वाटते, हे दोन चित्रांतून निवडायला सांगितले. एका चित्रात मूल आईबरोबर दुकानात ती वस्तू घेत होते, तर दुसऱ्यात दूरचित्रवाणी पाहत होते. बहुसंख्य मुलांनी दुकानाचे चित्र निवडले आणि हेतू फार लहानपणीच कळतो असा निष्कर्ष निघाला. पुढे कॅरोल मॅक्लिन यांनी हाच प्रयोग पर्यायी चित्रांची संख्या वाढवून केला. नव्या चित्रांतही जाहिरातीतली वस्तू दिसत होती, पण ती विकत घेतली जात नव्हती. आता बहुसंख्य लहान मुले चुकली. पहिल्या प्रयोगात मुलांनी हेतू ओळखला नव्हता. जाहिरातीतला डबा ज्या चित्रात दिसला ते चित्र त्यांनी निवडले होते.

पंचवीस वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेऊन डेबोरा रोडर जॉन यांनी १९९९ मध्ये मुलाच्या ग्राहक म्हणून होणाऱ्या घडणीचे तीन टप्पे सांगितले. तीन ते सात वर्षांपर्यंत मूल डोळ्यांना दिसणाऱ्या एखाद्या ठळक गुणावरून मत बनवते. सात ते अकरा या काळात ते दुसऱ्याच्या बाजूने विचार करू लागते आणि विक्रेत्याचा हेतू ओळखते. अकरा ते सोळा या काळात जाहिरातीच्या विशिष्ट युक्त्या, अतिशयोक्ती आणि पक्षपात यांची नेमकी जाण येते. अर्थात हे टप्पे सर्वसाधारण असून एखाद्या मुलाचे वय सांगून त्याची समज ठरवता येत नाही.

## कळणे आणि वळणे

आठव्या वर्षी हेतू कळला म्हणजे मूल सुरक्षित झाले, असे मानण्यात मोठी अडचण आहे. मेरी ब्रक्स, गॅरी आर्मस्ट्राँग आणि मार्व्हिन गोल्डबर्ग यांनी १९८८ मध्ये नऊ-दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. जाहिरातींविषयी सामान्य ज्ञान असलेली मुलेही जाहिरात पाहताना ते ज्ञान आपणहून वापरत नव्हती. पाहण्यापूर्वी कोणी त्याची आठवण करून दिली तरच मनात प्रतिवाद उभा राहत होता. ज्ञान होते, पण ते बोलावल्याशिवाय येत नव्हते.

याचे एक कारण विकासमानसशास्त्रात सापडते. ज्ञान वापरण्यासाठी मुलाला समोरच्या आकर्षणापासून लक्ष काढावे लागते, तत्काळ उमटणारी इच्छा रोखावी लागते आणि आठवलेली माहिती समोरच्या प्रसंगाला लावावी लागते. मनाच्या या नियंत्रणक्षमता किशोरवयातही वाढतच असतात. दुसरे कारण जाहिरातीच्या स्वरूपात आहे. पुष्कळ जाहिराती युक्तिवाद करतच नाहीत. त्या आवडते पात्र, गाणे, हशा आणि वस्तू यांची जोडी पुन्हा पुन्हा दाखवतात, आणि पात्राविषयीची आवड वस्तूवर उतरते. जिथे दावाच नाही, तिथे तो तपासणारे ज्ञान जागे होण्यास निमित्तही मिळत नाही.

सोनिया लिव्हिंग्स्टन आणि एलन हेल्स्पर यांनी २००६ मध्ये खाद्यपदार्थांच्या जाहिरातींवरील संशोधन तपासले. लहान मुलांवर परिणाम अधिक आणि मोठ्यांवर कमी असे स्पष्ट चित्र त्यांना दिसले नाही. त्यांचे स्पष्टीकरण असे की, वयानुसार मन वळण्याची वाट बदलते. लहान मुले रंग, पात्रे, गाणी यांनी भुलतात, तर किशोरवयीन मुले युक्तिवाद, प्रतिष्ठा आणि समवयस्कांची मान्यता यांनी. त्यामुळे एस्थर रोझेंडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जाहिरातसाक्षरतेचे तीन घटक वेगळे केले. पहिला घटक जाहिरातीविषयीचे ज्ञान, दुसरा ते ऐन वेळी वापरण्याची क्षमता, आणि तिसरा जाहिरातीकडे साशंकतेने पाहण्याची वृत्ती. यांपैकी फक्त पहिल्या घटकाच्या वयावरून कायद्याची रेषा आखणे अपुरे ठरते, हा या संशोधनाचा निष्कर्ष नियमनाच्या वादाला थेट भिडतो.

## अमेरिकेतील प्रयत्न (१९७८–१९८१)

अमेरिकेत संचार आयोगाने १९७४ मध्ये दोन मर्यादा घातल्या होत्या. मुलांचा कार्यक्रम आणि जाहिरात यांमध्ये स्पष्ट विभाजन असावे, आणि कार्यक्रमातील पात्राने त्याच कार्यक्रमात वस्तूची शिफारस करू नये. यापुढे जाऊन जाहिरातींवर बंदी घालावी, अशी मागणी पालक आणि ग्राहक संघटनांकडून होत राहिली. 'अॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन' आणि 'सेंटर फॉर सायन्स इन द पब्लिक इंटरेस्ट' या संस्थांनी १९७७ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनकडे, म्हणजे व्यापारातील अनुचित व फसव्या प्रथांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाकडे, अर्ज केले. त्यांचा रोख गोड पदार्थांच्या जाहिरातींवर होता.

मायकेल पर्टशुक अध्यक्ष असताना आयोगाने १९७८ मध्ये तीन पर्यायांचा प्रस्ताव मांडला. पहिला, जाहिरातीचा विक्रीचा हेतू समजण्याइतकी जी मुले मोठी नाहीत, म्हणजे आठ वर्षांखालील, ती मोठ्या संख्येने पाहत असतील अशा कार्यक्रमांत कोणतीही जाहिरात नसावी. दुसरा, आठ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी दातांना सर्वाधिक अपायकारक अशा साखरयुक्त पदार्थांच्या जाहिरातींवर बंदी असावी. तिसरा, इतर साखरयुक्त पदार्थांच्या जाहिरातदारांनी स्वखर्चाने पोषण आणि आरोग्याची माहितीही प्रसारित करावी. पहिला पर्याय सरळसरळ मनवळवणीच्या ज्ञानावर आधारलेला होता. जाहिरातीत एकही खोटे विधान नसले, तरी जो प्रेक्षक तिला जाहिरात म्हणून ओळखू शकत नाही त्याच्या दृष्टीने ती अनुचित ठरते, असा त्यामागचा युक्तिवाद होता.

विरोध तीव्र झाला. जाहिरातदार, दूरचित्रवाणी कंपन्या, खेळणी आणि खाद्यपदार्थांचे उत्पादक एकत्र आले. 'वॉशिंग्टन पोस्ट' या दैनिकाने १ मार्च १९७८ च्या अग्रलेखात आयोगाची 'राष्ट्राची दाई' अशी संभावना केली. मुलाला 'नाही' म्हणणे हे सरकारचे काम नसून आईवडिलांचे आहे, असा त्या टीकेचा आशय होता. १९७९ मध्ये सुनावण्या झाल्या आणि हजारो पानांच्या साक्षी नोंदल्या गेल्या. मे १९८० मध्ये अमेरिकन संसदेने कायदा करून, मुलांच्या जाहिरातींबाबत 'अनुचितता' या आधारावर नियम करण्याचा आयोगाचा अधिकारच काढून घेतला.

तथापि प्रयत्न केवळ राजकीय दबावामुळे फसला असे म्हणणे अर्धवट ठरेल. आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी १९८१ मध्ये दिलेल्या अंतिम अहवालात मूळ निदान कायम ठेवले. सहा वर्षांपर्यंतची मुले जाहिरातीवर सरसकट विश्वास ठेवतात, तिच्यातील पक्षपात त्यांना कळत नाही आणि जाहिरातींची तंत्रे वस्तूचे आकर्षण आणखी वाढवतात, असे अहवाल म्हणतो. परंतु यावर परिणामकारक उपाय एकच, म्हणजे लहान मुलांना उद्देशून केलेल्या सर्व जाहिरातींवर बंदी, आणि ती व्यवहारात आणता येत नाही, असाही त्याचा निष्कर्ष होता.

ती का आणता येत नाही, याचे कारण प्रेक्षकांच्या मोजमापात आहे. प्रस्तावात 'लहान मुले मोठ्या संख्येने पाहतात तो कार्यक्रम' ही कसोटी होती. 'मोठी संख्या' म्हणजे किती, हे ठरवताना पेच उभा राहिला. प्रेक्षकांपैकी ३० टक्के लहान मुले असावीत अशी अट ठेवली तर मोठ्या वाहिन्यांवरचा 'कॅप्टन कांगारू' हा एकच कार्यक्रम बंदीत सापडत होता. अट सैल केली तर ज्यांचे बहुसंख्य प्रेक्षक प्रौढ किंवा मोठी मुले आहेत असे अनेक कार्यक्रम अडकत होते. लहान मुले आपला बराच वेळ घरच्यांबरोबर सर्वांसाठीचे कार्यक्रम पाहण्यात घालवतात. त्यामुळे लहान मुले कुठे आहेत हे पाहून रेषा आखणे म्हणजे एक तर कोणालाच न वाचवणे किंवा सर्वांचीच जाहिरात बंद करणे. साखरेच्या पदार्थांबाबतही अशीच अडचण निघाली. एखादा पदार्थ दात किती किडवतो हे ठरवण्याची सर्वमान्य पद्धत उपलब्ध नव्हती. त्याच वर्षी आयोगाने हे प्रकरण बंद केले.

पुढे १९९० च्या कायद्याने अमेरिकेत मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींना वेळेची मर्यादा घातली, ती आठवड्याच्या दिवशी तासाला १२ मिनिटे आणि शनिवार-रविवारी साडेदहा मिनिटे. मूल जाहिरात समजू शकते का, हा मूळ प्रश्न या कायद्याने बाजूला ठेवला.

## क्वेबेकची बंदी

क्वेबेक प्रांताने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. तेथील ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम २४८ तेरा वर्षांखालील व्यक्तींना उद्देशून व्यावसायिक जाहिरात करण्यास मनाई करते. ही मनाई १९८० पासून अमलात आहे. जाहिरात मुलांना उद्देशून आहे की नाही हे कलम २४९ नुसार तीन गोष्टी एकत्र पाहून ठरते. जाहिरातीतल्या वस्तूचे स्वरूप व उपयोग, जाहिरात सादर करण्याची रीत, आणि ती दाखवण्याचे ठिकाण व वेळ, या त्या तीन गोष्टी. जाहिरात प्रौढांच्या वेळेत दाखवली, एवढ्यावरून ती मुलांसाठी नव्हती असे गृहीत धरता येत नाही, हेही कलमात स्पष्ट केले आहे.

फरक इथेच आहे. अमेरिकेतील प्रस्ताव प्रेक्षकांत मुले किती हे विचारत होता. क्वेबेकचा कायदा जाहिरात कोणाशी बोलते हे विचारतो. प्रेक्षकवर्ग जाहिरातदाराच्या हातात नसतो, परंतु जाहिरात कोणाशी बोलेल हे मात्र तोच ठरवतो.

एका खेळणी उत्पादक कंपनीने या बंदीला न्यायालयात आव्हान दिले. 'अर्विन टॉय विरुद्ध क्वेबेक' या खटल्याचा निकाल कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा मतांनी दिला. व्यावसायिक जाहिरात हाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही ज्यांना मनवळवणी ओळखता येत नाही अशा गटाला संरक्षण देण्यासाठी घातलेली ही मर्यादा वाजवी आहे, असे बहुमताने ठरले. जाहिरातदाराला पालकांशी बोलण्याचा मार्ग खुला राहतो, हेही बहुमताने विचारात घेतले. विरोधी मत देणाऱ्या न्यायाधीशांच्या दृष्टीने मुलांची प्रत्यक्ष हानी सिद्ध झालेली नव्हती.

बहुमताने आधार घेतलेल्या पुराव्यांत अमेरिकेचा १९८१ चा तोच अहवाल होता. ज्या अहवालाने अमेरिकेतील बंदीचा प्रस्ताव संपवला, त्यातीलच निदान क्वेबेकची बंदी टिकण्यास उपयोगी पडले. अहवाल सहा वर्षांपर्यंतच्या मुलांविषयी होता आणि कायदा तेराव्या वर्षापर्यंत जातो, हा आक्षेपही पुढे आला. शास्त्रीय पुरावा एखाद्या पट्ट्यातले वय दाखवत असेल तर त्या पट्ट्यात नेमकी रेषा कुठे आखायची हे ठरवण्याची मुभा विधिमंडळाला असते, अशी न्यायालयाची भूमिका होती.

बंदीच्या परिणामाची तपासणी मार्व्हिन गोल्डबर्ग यांनी मॉन्ट्रियल शहरात केली. तेथील इंग्रजी भाषक मुले सीमेपलीकडून येणाऱ्या अमेरिकन वाहिन्या जास्त पाहत, तर फ्रेंच भाषक मुले कमी. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात इंग्रजी भाषक मुलांना बाजारातली अधिक खेळणी ओळखता आली आणि त्यांच्या घरी मुलांसाठीच्या गोड न्याहारीचे अधिक प्रकार आढळले. दोन्ही गटांची खाण्यापिण्याची रीत वेगळी असल्याने सर्व फरक जाहिरातीचाच असे म्हणता येत नाही. मात्र प्रत्येक भाषिक गटाच्या आतही अमेरिकन वाहिन्या जास्त पाहणाऱ्या मुलांत तोच कल दिसला, हे या अभ्यासाचे बळ आहे. कायद्याची मर्यादाही त्यातूनच दिसते, कारण सीमेपलीकडून येणारी जाहिरात प्रांताला थांबवता येत नाही. शिवाय वेष्टन आणि दुकानातील मांडणी यांना नियमांनी सूट दिलेली आहे.

## भारतातील नियम

भारतात सर्वंकष बंदी नाही. मुंबईत १९८५ मध्ये स्थापन झालेली भारतीय जाहिरात मानक परिषद ही जाहिरात व्यवसायाची स्वयंनियमन संस्था असून तिच्या संहितेत मुलांविषयी तरतुदी आहेत. केबल दूरचित्रवाणी नियम, १९९४ नुसार मुलांची सुरक्षितता धोक्यात आणणारी किंवा त्यांच्यात अपायकारक सवयींची आवड निर्माण करणारी जाहिरात दाखवता येत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत मुलांसाठीच्या जाहिरातींवर स्वतंत्र कलम आहे. मुलांचा अननुभवीपणा आणि भाबडेपणा यांचा गैरफायदा घेणे, 'विकत घ्या' किंवा 'आईबाबांना घ्यायला सांगा' असे थेट आवाहन करणे, वस्तू न घेतल्यास मूल इतरांत कमी ठरेल असे सुचवणे, आरोग्याविषयी पुरेशा शास्त्रीय आधाराविना दावे करणे आणि मुले खात असलेल्या नैसर्गिक किंवा पारंपरिक अन्नापेक्षा ही वस्तू सरस आहे असे भासवणे, या गोष्टींना त्यात मनाई आहे. चिप्स, वायुयुक्त पेये आणि तत्सम पदार्थांच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमांत किंवा केवळ मुलांच्या वाहिन्यांवर दाखवता येत नाहीत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा उल्लंघन झाल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

## एक काल्पनिक उदाहरण

या तिन्ही पद्धतींमधील फरक एकाच जाहिरातीवर ताडून पाहता येतो. समजा, क्रीमच्या बिस्किटाची तीस सेकंदांची जाहिरात रात्री आठ वाजता, सर्व कुटुंबाने पाहण्याच्या गाण्याच्या स्पर्धेत दाखवली जाते. तिच्यात एक ससा नाचतो आणि सोपे गाणे म्हणतो. मधल्या सुट्टीत ज्याच्या डब्यात हे बिस्किट नाही त्याच्याशी मित्र खेळत नाहीत. शेवटी ससा म्हणतो, "आजच आईला सांग!"

अमेरिकेच्या १९७८ च्या प्रस्तावाच्या कसोटीला ही जाहिरात सुटते. कार्यक्रम सर्वांचा आहे आणि प्रेक्षकांत लहान मुलांचे प्रमाण थोडे आहे. क्वेबेकच्या कसोटीत बिस्किट सर्वजण खातात, वेळही सर्वांची आहे. सादरीकरण मात्र उघडपणे मुलांशी बोलते, 'आईला सांग' हे तर प्रौढाला उद्देशून असूच शकत नाही. त्यामुळे ती बंदीत सापडण्याची शक्यता मोठी आहे. भारतीय तत्त्वांनुसार शेवटचे वाक्य आणि डब्याचा प्रसंग यांवर आक्षेप घेता येतो. खाद्यपदार्थांविषयीचे प्रसारणबंधन मात्र लागू होत नाही, कारण कार्यक्रम 'मुलांचा' नाही. अमेरिकेतला प्रेक्षकांचा पेच इथे वेगळ्या वाटेने परत येतो.

आता जाहिरातदाराने आक्षेपार्ह वाक्य आणि डब्याचा प्रसंग काढून टाकला, पण नाचणारा ससा आणि गाणे ठेवले असे समजा. भारतीय तत्त्वांतील वर दिलेल्या स्पष्ट मनाया आता लागू होत नाहीत. उरतो तो फक्त अननुभवीपणाचा गैरफायदा या व्यापक शब्दांचा आधार. परंतु काढून टाकलेला भाग हाच मनवळवणीचा उघड भाग होता. नऊ वर्षांच्या मुलाला 'आईला सांग' यामागचा हेतू ओळखता येतो. उरलेली ससा आणि बिस्किटाची जोडी ही पाच वर्षांच्या मुलाला ओळखता येत नाही आणि नऊ वर्षांच्या मुलाला ओळखावीशी वाटत नाही. विधाने तपासणारा नियम जाहिरातीचा जो भाग पकडतो, तो मुलांच्या दृष्टीने बहुधा कमी प्रभावी भाग असतो.

## डिजिटल माध्यमे

दूरचित्रवाणीवर जाहिरातीला सुरुवात आणि शेवट असतो. खेळातच गुंफलेली वस्तू, किंवा चित्रफितीत आवडत्या व्यक्तीने सहज उघडलेले खेळणे, यांत अशी सीमाच नसते. जाहिरात वेगळी ओळखण्याचा जो टप्पा पाचव्या वर्षी पार पडतो असे मानले जाई, तो इथे मोठ्या मुलांनाही अवघड जातो. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांना मोबदल्याचा मजकूर 'जाहिरात' असे लिहून वेगळा दाखवण्यास सांगितले. असे लेबल १९८८ च्या प्रयोगातील आठवणीचे काम करू शकते. मात्र ती आठवण करून देण्यासारखे ज्ञान मुलाजवळ आधी असावे लागते, आणि लेबल वाचता यावे लागते.

यामुळे अलीकडच्या कायद्यांनी मुलाच्या समजुतीवर भिस्त न ठेवता जाहिरातदाराच्या साधनांवर मर्यादा घातली आहे. युरोपीय संघाचा २०२२ चा डिजिटल सेवा कायदा अल्पवयीनांना त्यांच्या व्यक्तिगत माहितीच्या आधारे रेखाटन करून जाहिरात दाखवण्यास मनाई करतो. भारताच्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, २०२३ मधील कलम ९ अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे, त्यांच्या वर्तनावर लक्ष ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिरात करणे यांना मनाई करते. केंद्र सरकार त्यास अपवाद करू शकते. हे कायदे जाहिरातीचा मजकूर तपासत नाहीत. ती कोणत्या मुलाला दाखवायची याची निवड त्याच्याविषयीच्या माहितीवरून करू नये, एवढेच ते सांगतात.

## वादाचे मुद्दे

बंदीच्या विरोधकांचे मुख्य म्हणणे असे की, वस्तू विकत घेणारा शेवटी पालकच असतो, त्यामुळे मुलाचे ज्ञान अपुरे असले तरी व्यवहारात प्रौढाचे ज्ञान असतेच. यावर समर्थक म्हणतात की, जाहिरातीचा मार्गच मुळी मुलाच्या हट्टातून जातो. पालकाला तिथे विक्रेत्याला तोंड द्यावे लागत नाही, स्वतःच्या मुलाला द्यावे लागते. दुसरा आक्षेप पैशाचा आहे. जाहिराती बंद झाल्या तर मुलांचे कार्यक्रम कोणी तयार करणार नाही, असे प्रसारक म्हणतात. तिसरा आक्षेप असा की, मुलांना जाहिरातीपासून दूर ठेवल्यास ती ओळखायला ती शिकणार नाहीत, म्हणून बंदीपेक्षा शाळेतले जाहिरातसाक्षरतेचे शिक्षण बरे.

तिसऱ्या आक्षेपाला ब्रक्स आणि रोझेंडाल यांच्या संशोधनाने मर्यादा पडते, कारण शिकवलेले ज्ञान आणि ऐन वेळी वापरले जाणारे ज्ञान एक नसते. त्याच संशोधनाने बंदीच्या समर्थकांपुढेही अवघड प्रश्न उभा राहतो. मनवळवणी न ओळखणे हाच बंदीचा आधार असेल आणि ती ओळख किशोरवयात, क्वचित प्रौढपणीही, ऐन वेळी कामी येत नसेल, तर तेराव्या किंवा अठराव्या वर्षी संरक्षण थांबवण्याचे कारण मानसशास्त्रात सापडत नाही. ती रेषा समाज आपल्या सोयीने आणि आपल्या मूल्यांनुसार आखतो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये विधिमंडळावर सोपवलेली निवड हीच होती.